झेड-रूपांतराचे अभिसरण क्षेत्र, कॉजॅलिटी आणि स्थिरता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील बहुतेक उत्तरांत एकच उदाहरण वापरले आहे. एखादा डिजिटल सिग्नल `1, -2.5, 1` अशा तीन गुणकांच्या फिल्टरमधून गेला आहे आणि आपल्याला मूळ सिग्नल परत मिळवायचा आहे, असे समजा. त्या फिल्टरचे झेड-रूपांतर `G(z) = 1 - 2.5z^-1 + z^-2` आहे. त्याचा परिणाम उलटवणाऱ्या प्रणालीचे रूपांतर त्याच्या व्यस्ताइतके असले पाहिजे:

```
H(z) = 1 / (1 - 2.5z^-1 + z^-2)
     = 1 / [(1 - 0.5z^-1)(1 - 2z^-1)]
```

या प्रणालीचे ध्रुव, म्हणजे वर्गात ज्यांना पोल म्हणतात ते बिंदू, `z = 0.5` आणि `z = 2` येथे आहेत. एक ध्रुव एकक वर्तुळाच्या आत आणि दुसरा बाहेर असल्यामुळे अभिसरण क्षेत्राविषयीच्या जवळजवळ सर्व शंका या एका उदाहरणातून तपासता येतात.

अभिसरण क्षेत्र म्हणजे नेमके काय?

क्रमिका `h[n]` चे झेड-रूपांतर ही एक अनंत श्रेणी आहे:

```
H(z) = Σ h[n] z^-n ,   n = -∞ ते +∞
```

अनंत श्रेणीची बेरीज प्रत्येक `z` साठी अस्तित्वात असेलच असे नाही. ज्या संमिश्र संख्या `z` घेतल्या असता ही श्रेणी निरपेक्षपणे अभिसारी होते, म्हणजे `Σ |h[n]| |z|^-n` ही बेरीज सांत राहते, त्या सर्व संख्यांच्या संचाला अभिसरण क्षेत्र किंवा आरओसी म्हणतात. या व्याख्येत `z` चे फक्त केवल मूल्य येते आणि त्याचा कोन कोठेही येत नाही. म्हणून एखादा बिंदू या क्षेत्रात असेल, तर मूळ बिंदूभोवतीचे त्याच त्रिज्येचे संपूर्ण वर्तुळ त्या क्षेत्रात असते. अभिसरण क्षेत्र नेहमी वर्तुळाचा अंतर्भाग, वर्तुळाचा बहिर्भाग किंवा दोन वर्तुळांमधले वलय अशाच आकाराचे का असते, हे यावरून कळते.

एकाच `H(z)` पासून वेगवेगळ्या क्रमिका कशा मिळतात? सूत्र तर एकच आहे.

हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, त्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत. आंशिक अपूर्णांकांत मांडल्यावर आपले उदाहरण असे दिसते:

```
H(z) = (-1/3)/(1 - 0.5z^-1) + (4/3)/(1 - 2z^-1)
```

आता यातले केवळ `1/(1 - 2z^-1)` हे पद पाहा. ते `1 + 2z^-1 + 4z^-2 + ...` अशा भूमितीय श्रेढीची बेरीज आहे, पण ही श्रेढी `|z| > 2` असेल तरच अभिसारी होते. त्याच अपूर्णांकाचा अंश आणि छेद `-0.5z` ने गुणले, तर तो `-0.5z/(1 - 0.5z)` असा लिहिता येतो आणि त्याचा विस्तार `-0.5z - 0.25z^2 - ...` असा होतो. ही श्रेढी `|z| < 2` असताना अभिसारी असते. पहिल्या विस्तारात `z` चे ऋण घात आहेत, म्हणजे क्रमिका काळात उजवीकडे पसरते. दुसऱ्यात धन घात आहेत, म्हणजे ती डावीकडे, `n` च्या ऋण मूल्यांकडे पसरते. बेरजेचे सूत्र दोन्हींचे एकच आहे, परंतु त्या बेरजेमागच्या क्रमिका पूर्णपणे भिन्न आहेत.

दोन ध्रुवांपैकी प्रत्येकासाठी डावा किंवा उजवा असा पर्याय असल्यामुळे एकूण चार जोड्या होतात. त्यांपैकी `|z| < 0.5` आणि `|z| > 2` या अटी एकाच वेळी पूर्ण होऊ शकत नाहीत, म्हणून ती जोडी बाद होते. उरलेली तीन क्षेत्रे आणि त्यांच्या क्रमिका अशा आहेत.

`|z| > 2` घेतले तर दोन्ही पदे उजवीकडे जातात. तेव्हा `n ≥ 0` साठी `h[n] = (4/3)·2^n - (1/3)·(0.5)^n` असते आणि त्याआधीची सर्व मूल्ये शून्य असतात. सुरुवातीची मूल्ये `1, 2.5, 5.25, 10.625` अशी झपाट्याने वाढतात.

`|z| < 0.5` घेतले तर दोन्ही पदे डावीकडे जातात. `n = -1` ला मूल्य शून्य येते, `n = -2` ला `1`, `n = -3` ला `2.5`, आणि पुढे हीच वाढ भूतकाळाच्या दिशेने चालू राहते. ही क्रमिका पहिलीचेच काळात उलटवलेले आणि सरकवलेले रूप आहे.

`0.5 < |z| < 2` हे वलय घेतले तर आतला ध्रुव उजवीकडचे पद देतो आणि बाहेरचा ध्रुव डावीकडचे. दोन्ही पदे एकत्र केल्यावर एक सुबक सूत्र मिळते:

```
h[n] = -(2/3) · (0.5)^|n+1|
```

या क्रमिकेचे सर्वांत मोठे केवल मूल्य `n = -1` ला आहे आणि तेथून दोन्ही बाजूंना ते दर पावलाला निम्मे होत जाते. `h[0] - 2.5h[-1] + h[-2]` ही बेरीज `-1/3 + 5/3 - 1/3 = 1` येते, म्हणजे ही क्रमिकाही एकक इम्पल्स दिल्यावर `y[n] - 2.5y[n-1] + y[n-2] = x[n]` या मूळ फरक-समीकरणाची वैध उकल आहे. तिन्ही क्रमिका त्या समीकरणात बसतात. त्यांपैकी कोणती अभिप्रेत आहे हे समीकरण सांगत नाही, ते फक्त अभिसरण क्षेत्र सांगते. म्हणूनच क्षेत्र न लिहिता नुसता `H(z)` लिहिणे हे आमच्या मते अपुरे उत्तर आहे आणि त्यासाठी गुण कापणारे परीक्षक योग्यच करतात.

ध्रुव अभिसरण क्षेत्रात का असू शकत नाही?

ध्रुवापाशी `H(z)` चे मूल्य अमर्याद होते, तर अभिसरण क्षेत्रात बेरीज सांत असलीच पाहिजे. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. परिमेय फलनाच्या बाबतीत याहून थोडे अधिक म्हणता येते. क्षेत्राची सीमा एखाद्या ध्रुवातून जाणारे वर्तुळच असते, नाहीतर क्षेत्र थेट शून्यापर्यंत किंवा अनंतापर्यंत जाते. शून्यबिंदूंचा या सीमेशी काहीही संबंध नसतो.

प्रणाली कॉजल आहे की नाही हे अभिसरण क्षेत्रावरून कसे ओळखावे?

ज्या प्रणालीचे या क्षणाचे आउटपुट केवळ या क्षणाच्या आणि मागच्या क्षणांच्या इनपुटवर अवलंबून असते, तिला कॉजल प्रणाली म्हणतात. रेषीय आणि काळानुसार न बदलणाऱ्या प्रणालीसाठी याचा अर्थ इतकाच की इम्पल्स रिस्पॉन्स `h[n]` हा `n < 0` साठी शून्य असला पाहिजे. मग रूपांतराच्या श्रेणीत `z` चे फक्त शून्य आणि ऋण घात उरतात. अशी श्रेणी एका `z` साठी अभिसारी असेल, तर त्याहून मोठ्या केवल मूल्याच्या प्रत्येक `z` साठी ती अभिसारी असते, आणि `z` अनंताकडे नेला तर ती शांतपणे `h[0]` कडे जाते. त्यामुळे परिमेय `H(z)` च्या प्रणालीसाठी कसोटी अशी होते: अभिसरण क्षेत्र सर्वांत बाहेरच्या ध्रुवाच्या पलीकडचा बहिर्भाग असला पाहिजे आणि त्यात `z = ∞` हा बिंदूही समाविष्ट असला पाहिजे.

या कसोटीचा दुसरा भाग अनेक विद्यार्थी विसरतात. `H(z) = z^2/(z - 0.5)` घ्या आणि क्षेत्र `|z| > 0.5` माना. क्षेत्र बहिर्भागच आहे, पण भागाकार केल्यावर `z + 0.5 + 0.25z^-1 + ...` असा विस्तार मिळतो, आणि त्यातले पहिले पद `h[-1] = 1` असल्याचे सांगते. ही प्रणाली उद्याचा एक नमुना आज मागते. तिची क्रमिका उजवीकडे पसरणारी आहे, तरीही ती कॉजल नाही. `z` च्या धन घातांत लिहिलेल्या परिमेय फलनात अंशाची कोटी छेदाच्या कोटीपेक्षा मोठी असेल, तर अशी अडचण येते.

आपल्या मुख्य उदाहरणात ही कसोटी `|z| > 2` हे एकच क्षेत्र पूर्ण करते.

स्थिरतेचा एकक वर्तुळाशी काय संबंध आहे?

येथे स्थिरता म्हणजे मर्यादित इनपुट दिल्यावर आउटपुटही मर्यादित राहणे. त्यासाठी `Σ |h[n]|` ही बेरीज सांत असणे आवश्यक आणि पुरेसे आहे. ती पुरेशी का आहे हे पाहणे सोपे आहे: इनपुटचे केवल मूल्य कधीही `M` पेक्षा जास्त नसेल, तर आउटपुट `M · Σ |h[n]|` च्या पलीकडे जाऊ शकत नाही. ती आवश्यक का आहे हे दाखवण्यासाठी एक खोडकर इनपुट घ्यावा लागतो, ज्याचा प्रत्येक नमुना `h` च्या संबंधित मूल्याच्या चिन्हानुसार `+1` किंवा `-1` असतो. मग `n = 0` ला सगळी पदे एकाच दिशेने जमा होतात आणि आउटपुट नेमके `Σ |h[n]|` इतके होते. ही बेरीज अनंत असेल, तर मर्यादित इनपुटनेही आउटपुट हाताबाहेर जाते.

आता अभिसरण क्षेत्राच्या व्याख्येत `|z| = 1` घालून पाहा. तेथेही हीच बेरीज उरते. म्हणून प्रणाली स्थिर असणे आणि एकक वर्तुळ अभिसरण क्षेत्रात असणे या दोन गोष्टी एकच आहेत. आपल्या उदाहरणात एकक वर्तुळ फक्त वलयात, म्हणजे `0.5 < |z| < 2` मध्ये आहे. तेथील बेरीज `(2/3)(1 + 1 + 1) = 2` येते. `H(1)` चे मूल्य `-2` आहे आणि सर्व `h[n]` ऋण असल्यामुळे हा हिशेब जुळतो.

«सर्व ध्रुव एकक वर्तुळाच्या आत असले की प्रणाली स्थिर» हे वाक्य बरोबर आहे का?

प्रणाली कॉजल आहे हे आधीच ठरलेले असेल, तरच ते बरोबर आहे. कॉजल प्रणालीचे क्षेत्र सर्वांत बाहेरच्या ध्रुवाच्या पलीकडे सुरू होते, म्हणून एकक वर्तुळ त्या क्षेत्रात येण्यासाठी सर्व ध्रुव वर्तुळाच्या आत असावे लागतात. पूर्णपणे डावीकडे पसरणाऱ्या प्रणालीसाठी नियम नेमका उलट होतो आणि सर्व ध्रुव वर्तुळाबाहेर असावे लागतात. `1/(1 - 2z^-1)` हे फलन `|z| < 2` या क्षेत्रासह पूर्णपणे स्थिर आहे, जरी त्याचा एकमेव ध्रुव वर्तुळाबाहेर असला तरी. नियंत्रण अभियांत्रिकीच्या वर्गात प्रणाली कॉजल असणे हे न बोलता गृहीत धरलेले असते, त्यामुळे तेथे हे वाक्य खपून जाते. सिग्नल प्रोसेसिंगच्या वर्गात ते जसेच्या तसे नेले की चुका होतात.

आपल्या उदाहरणात कॉजलही आणि स्थिरही अशी प्रणाली मिळतच नाही. मग मूळ सिग्नल परत कसा मिळवायचा?

कॉजॅलिटीसाठी `|z| > 2` हवे, स्थिरतेसाठी वलय हवे, आणि ही दोन क्षेत्रे एकमेकांना छेदत नाहीत. हा काही दुर्मीळ अपघात नाही. `1, -2.5, 1` हे गुणक सममित आहेत, आणि सममित गुणकांच्या फिल्टरचे शून्यबिंदू नेहमी `z0` व `1/z0` अशा जोड्यांत येतात. फिल्टर उलटवताना शून्यबिंदूंचे ध्रुव होतात. त्यामुळे ज्या रेषीय-फेज फिल्टरचे शून्यबिंदू एकक वर्तुळावर नाहीत, त्याच्या व्यस्त प्रणालीचे काही ध्रुव आत आणि तितकेच बाहेर असणार हे ठरलेलेच आहे. प्रत्यक्षात यातून दोन वाटा निघतात, आणि सिग्नल आधीच साठवलेला आहे की थेट येत आहे यावर निवड अवलंबून असते.

सिग्नल संपूर्ण साठवलेला असेल, जसे चित्राची एखादी ओळ किंवा ध्वनिमुद्रणाची फाइल, तर «भविष्यातला नमुना» हा केवळ स्मृतीतला पुढचा खण असतो. तेव्हा आतल्या ध्रुवाचा भाग सरळ दिशेने आणि बाहेरच्या ध्रुवाचा भाग उलट्या दिशेने चालवतात:

```
v[n] = 0.5 v[n-1] + x[n]          (सुरुवातीपासून शेवटाकडे)
w[n] = 0.5 w[n+1] - 0.5 v[n+1]    (शेवटापासून सुरुवातीकडे)
```

दुसरे समीकरण `w[n] - 2w[n-1] = v[n]` हेच आहे, फक्त ते मागच्या नमुन्यासाठी सोडवले आहे. त्यामुळे `2` चा गुणक `0.5` झाला आणि वाढणारी चूक घटणारी झाली. उलट फेरीची सुरुवात कोणत्या मूल्याने करायची हा प्रश्न उरतो, कारण फाइल संपल्यानंतरचे नमुने आपल्याकडे नसतात. शून्याने सुरुवात केली तर शेवटच्या नमुन्यांत चूक येते, पण ती दर पावलाला निम्मी होते आणि २० नमुने मागे येईपर्यंत मूळ चुकीच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतकी उरते. चित्रांच्या क्युबिक बी-स्प्लाइन अंतर्वेशनात रोज नेमके हेच घडते. तेथील फिल्टर `6/(z + 4 + z^-1)` असून त्याचे ध्रुव सुमारे `-0.268` आणि `-3.732` येथे, म्हणजे परस्परांचे व्यस्त आहेत. तो एक फेरी पुढे आणि एक फेरी मागे चालवून सोडवतात.

सिग्नल थेट येत असेल, तर भविष्य विकत घ्यावे लागते आणि त्याची किंमत विलंबाने चुकवावी लागते. वलयाच्या इम्पल्स रिस्पॉन्समधील `n < -L` ही मूल्ये कापून टाकायची आणि उरलेली क्रमिका `L` नमुन्यांनी उजवीकडे सरकवायची. कापलेल्या भागाची केवल-मूल्य बेरीज `(4/3)·2^-L` आहे. `L = 16` घेतले तर ती सुमारे `0.00002` येते, म्हणजे व्यस्त फिल्टरला मिळणारा सिग्नल `±1` च्या आत असेल, तर आउटपुटमधील चूक यापेक्षा जास्त असू शकत नाही. सेकंदाला ८००० नमुने असलेल्या ध्वनीसाठी १६ नमुने म्हणजे २ मिलिसेकंद. दूरध्वनीवरील संभाषणात एवढा विलंब कोणाच्या लक्षातही येणार नाही. बाहेरचा ध्रुव `2` ऐवजी `1.01` येथे असता, तर मात्र शेपूट इतक्या हळू ओसरली असती की तेवढ्याच अचूकतेसाठी हजाराहून अधिक नमुन्यांचा विलंब लागला असता.

संगणकावर फिल्टर चालवला की तिन्हींपैकी कोणती क्रमिका मिळते?

नेहमी कॉजल क्रमिकाच मिळते, ती स्थिर असो वा नसो. `lfilter` सारखे फलन गुणक घेऊन नमुने क्रमाने पुढे सोडवत जाते. क्षेत्र निवडण्याची सोय त्यात नसते.

```python
import numpy as np
from scipy.signal import lfilter
x = np.zeros(1100); x[0] = 1
y = lfilter([1], [1, -2.5, 1], x)
print(y[:4], y[1024])
```

सुरुवातीला `1, 2.5, 5.25, 10.625` हीच ओळखीची मूल्ये दिसतात. `y[1024]` ला मूल्य दुहेरी अचूकतेच्या दशांश संख्येत मावत नाही आणि `inf` येते, तर दोन नमुन्यांनंतर `inf` मधून `inf` वजा होऊन `nan` मिळतो. प्रत्यक्ष कामात बहुधा हा `nan` च आधी नजरेस पडतो, आणि कारण शोधताना लोक इनपुट फाइल तपासत बसतात. त्याऐवजी `nan` च्या बरेच आधीचे नमुने घेऊन लागोपाठच्या दोन मूल्यांचे गुणोत्तर काढावे. ते एका स्थिर संख्येकडे, येथे `2` कडे, जात असेल, तर ती संख्या म्हणजेच सर्वांत बाहेरचा ध्रुव होय. सर्वांत बाहेरच्या ध्रुवांची जोडी संमिश्र असेल, तर गुणोत्तर स्थिरावत नाही, पण आंदोलनांची शिखरे तरीही घातांकी वेगाने वाढताना दिसतात.

वर्तुळाबाहेरचा ध्रुव अंशातील शून्यबिंदूने रद्द केला, तर प्रणाली स्थिर होते का?

कागदावर होते. अंशात `(1 - 2z^-1)` ठेवला तर फलन `1/(1 - 0.5z^-1)` इतकेच उरते, अभिसरण क्षेत्र `|z| > 0.5` पर्यंत विस्तारते आणि त्यात एकक वर्तुळ येते. पण यंत्रात मात्र `y[n] = 2.5y[n-1] - y[n-2] + x[n] - 2x[n-1]` हेच समीकरण चालत असेल, तर `2` चा ध्रुव आतल्या स्थितीत जिवंत राहतो. झेड-रूपांतर इनपुट आणि आउटपुट यांमधला संबंध सांगते, आतली स्थिती सांगत नाही.

इनपुट शून्य ठेवा आणि `y[-1]` मध्ये केवळ `10^-12` इतकी भर पडली आहे असे समजा. त्यातून निर्माण होणारे आउटपुट सुमारे `(8/3)·2^n·10^-12` असते, आणि `n = 40` ला ते २.९ च्या आसपास पोचते. आपल्या गुणकांच्या बाबतीत एक फसवा योगायोगही आहे. `0.5`, `2` आणि `2.5` या संख्या द्विमान पद्धतीत तंतोतंत मांडता येतात, म्हणून एकक इम्पल्स देऊन चाचणी घेतली, तर शेकडो नमुन्यांपर्यंत आकडेमोडीत कोठेही पूर्णांकन होत नाही आणि प्रणाली ठणठणीत वाटते. खरा सिग्नल दिला की पूर्णांकनाच्या चुका सुरू होतात आणि त्या दर नमुन्याला दुप्पट होतात. अशा वेळी समान घटक समीकरणातूनच काढून टाकणे हा एकमेव सुरक्षित उपाय आहे.

ध्रुव बरोबर एकक वर्तुळावर असेल तर?

तेव्हा एकक वर्तुळ क्षेत्राच्या सीमेवर येते, क्षेत्रात नव्हे, आणि प्रणाली वरील अर्थाने स्थिर राहत नाही. `1/(1 - z^-1)` हा बेरीज करत जाणारा संचायक याचे साधे उदाहरण आहे: त्याला सतत `1` दिला तर आउटपुट `1, 2, 3, ...` असे न थांबता वाढते.

गुणकांच्या पूर्णांकनामुळेही प्रणाली नकळत येथे येऊन पोचते. `1 - 1.98z^-1 + 0.9801z^-2` या छेदाचे दोन्ही ध्रुव `0.99` येथे आहेत. शेवटचा गुणक दोन दशांश स्थळांपर्यंत `0.98` केला तर छेद `(1 - z^-1)(1 - 0.98z^-1)` होतो, म्हणजे एक ध्रुव वर्तुळावर जाऊन बसतो. इम्पल्स रिस्पॉन्स `50(1 - 0.98^(n+1))` असा येतो. तो कधीच शून्याकडे जात नाही, तर ५० वर स्थिरावतो. आलेख सपाट दिसतो म्हणून प्रणाली स्थिर आहे असे वाटण्याचा धोका येथे असतो, पण `Σ |h[n]|` अनंत आहे. द्वितीय कोटीच्या कॉजल विभागासाठी झटपट कसोटी उपलब्ध आहे: छेद `1 + a1z^-1 + a2z^-2` असेल, तर `|a2| < 1` आणि `|a1| < 1 + a2` या दोन्ही अटी पूर्ण झाल्या पाहिजेत. येथे दुसरी अट `1.98 < 1.98` अशी होऊन मोडते. पूर्णांकन केल्यानंतरच्या गुणकांवर ही कसोटी लावावी, आधीच्या नव्हे.

प्रत्येक क्रमिकेला अभिसरण क्षेत्र असतेच का?

नाही. सर्व `n` साठी `(0.5)^n` घेतले, तर उजव्या अर्ध्या भागाला `|z| > 0.5` हवे आणि डाव्या भागाला `|z| < 0.5`. असा एकही बिंदू सापडत नाही. सर्वकाळ एकच मूल्य असलेल्या स्थिर सिग्नलचीही हीच गत आहे. आदर्श लो-पास फिल्टरचा `sin(ωn)/(πn)` हा इम्पल्स रिस्पॉन्स याहून थोडा वेगळा आहे. त्याच्या केवल मूल्यांची बेरीज अनंत आहे, त्यामुळे त्याला अभिसरण क्षेत्र नाही आणि तो वरील अर्थाने स्थिरही नाही. मात्र त्याच्या वर्गांची बेरीज सांत असल्यामुळे त्याची वारंवारता-प्रतिक्रिया सरासरी-वर्ग अर्थाने अस्तित्वात असते. हा फिल्टर परिमेय फलनांच्या चौकटीबाहेरचा आहे, आणि ध्रुव पाहून निर्णय देण्याची वरची पद्धत त्याला लावता येत नाही.

एकतर्फी झेड-रूपांतरात अभिसरण क्षेत्राचा उल्लेख का नसतो?

तेथे बेरीज `n = 0` पासूनच सुरू होते, म्हणून क्षेत्र नेहमी बहिर्भागच असतो आणि `H(z)` वरून क्रमिका एकमेव ठरते. आरंभीच्या स्थितींसह फरक-समीकरण सोडवण्यासाठी ते सोयीचे आहे. आपल्या वलयातली स्थिर क्रमिका मात्र त्यात व्यक्तच होऊ शकत नाही.

काही लेखांत «स्थिर प्रणालीचे ध्रुव वर्तुळाबाहेर हवेत» असे लिहिलेले दिसते. ती चूक आहे का?

प्रत्येक वेळी ती चूक नसते. भूकंपीय सर्वेक्षणाच्या लेखनात `z` हेच एका नमुन्याच्या विलंबाचे चिन्ह म्हणून वापरण्याची जुनी प्रथा आहे, म्हणजे श्रेणी `Σ h[n] z^n` अशी लिहिली जाते. तेथे `z` च्या जागी `1/z` आल्यामुळे आत आणि बाहेर यांची अदलाबदल होते: कॉजल प्रणालीचे क्षेत्र मूळ बिंदूभोवतीची तबकडी बनते आणि स्थिर कॉजल प्रणालीचे ध्रुव वर्तुळाबाहेर जातात. एकक वर्तुळ मात्र जागचे हलत नाही. त्यामुळे अनोळखी लेख वाचताना प्रथम एका नमुन्याचा विलंब तेथे `z` ने दाखवला आहे की `z^-1` ने, हे पाहावे आणि मगच ध्रुवांच्या जागांवरून काही निष्कर्ष काढावा.